उलटी-जुलाब एकावरच थांबावेत म्हणून

(मंडळाच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका घराची हकिकत सांगणार आहोत. घराचे नाव सांगणार नाही, कारण ती हकिकत आपल्यापैकी कोणाच्याही घरची असू शकते.

दोन खोल्यांचे घर. आजी, आई-वडील, आठवीत शिकणारी मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे. घरात एक मोरी आणि एकच संडास. शनिवारी रात्री आजी सोडून सगळे एका लग्नाला जेवून आले. रविवारी रात्री मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब. मंगळवारी सकाळी आईला तेच झाले. बुधवारी पहाटे आजी आजारी पडली. आम्ही गेलो तेव्हा घरातले सगळे लग्नाच्या जेवणालाच दोष देत होते.

आम्ही त्यांना एवढेच विचारले, "आजी तर लग्नाला गेल्याच नव्हत्या ना?" सगळे गप्प झाले.

मित्रांनो, ही तारीख-वार लावून पाहण्याची सवय फार उपयोगाची आहे. हिवाळ्यात असो की पावसाळ्यात, एकाएकी उलट्या आणि पातळ जुलाब होतात त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नोरोव्हायरस नावाचा विषाणू. तो पोटात गेल्यापासून साधारण 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो. जेवण बाधले असते, तर जेवलेली माणसे त्या मुदतीत पुढेमागे आजारी पडली असती. येथे आई आजारी पडली ती जेवणानंतर दोन दिवस उलटून गेल्यावर. आजी तर ते जेवण जेवल्याच नव्हत्या. मुलाच्या आजारापासून मोजले, तर मात्र दोघींचा हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे मुलगा कोठूनही आजार घेऊन आला असो, पुढच्या दोघींना तो घरातच मिळाला होता. आता प्रश्न उरला तो कसा मिळाला, एवढाच.

आम्ही आईंना म्हणालो, "बाळाला धुतल्यावर तुम्ही काय काय करता, ते जरा करून दाखवा." त्या म्हणाल्या, "हात तर मी साबणानेच धुते हो!" आणि ते खरेही होते. त्यांनी बालदीतला मग उचलला, हातावर पाणी घेतले, साबण लावला, पुन्हा त्याच मगाने पाणी ओतले आणि मोरीजवळ खिळ्याला टांगलेल्या टॉवेलला हात पुसले. नंतर ओट्यावर जाऊन माठात पेला बुडवून आजींना पाणी दिले.

आता पाहा. मग पहिल्यांदा उचलला तो घाण हाताने. हात धुतल्यावर त्याच मगाची तीच मूठ पुन्हा धरली. म्हणजे साबणाने जे घालवले, ते मुठीवरून परत हाताला लागले. हा विषाणू इतका चिवट आहे, की डोळ्यांना न दिसणारे त्याचे थोडेसे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. पुढे तो हात टॉवेलला पुसला. तोच ओला टॉवेल पाचही जण दिवसभर वापरत होते. आणि शेवटी तीच बोटे पेल्याबरोबर माठाच्या पाण्यात गेली. आईंचा कष्टात काही कसूर नव्हता, चूक होती ती क्रमात.

तेव्हा त्या दिवशी घरात पहिला बदल केला तो पाण्याचा. बालदीऐवजी नळ असलेला प्लॅस्टिकचा कॅन मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. नळ सोडायचा, हात ओले करायचे, साबण लावायचा, बोटांच्या बेचक्या, नखे आणि अंगठा धरून निदान 20 सेकंद चोळायचे आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचे. नळाच्या तोटीलाही त्याच फेसाचा हात लावून ती धुवायची आणि मगच बंद करायची. कॅन नसेल, तर दुसऱ्या माणसाने वरून पाणी घालावे. 2020 पासून पुष्कळांच्या घरी सॅनिटायझरची बाटली असते. पण या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नये. साबण आणि वाहते पाणी हेच येथे कामाचे. हात केव्हा धुवायचे? संडासाहून आल्यावर, आजाऱ्याचे धुतल्या-पुसल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि जेवण्यापूर्वी, अगदी प्रत्येक वेळी.

माठावर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे आले. पेला बुडवणे बंद.

दुसरा बदल टॉवेलचा. पाच माणसांना पाच टॉवेल, पाच खिळे. नवे आणायची गरज नव्हती, जुन्या धोतराचे आणि साडीचे तुकडे केले, ओळखायला प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा घातला. एकाचा टॉवेल दुसऱ्याला लागणार नाही एवढे अंतर खिळ्यांत ठेवले. आजाऱ्यांचे टॉवेल, चादरी आणि कपडे न झटकता गोळा करायचे, आधी घाण काढून टाकायची, मग इतरांच्या कपड्यांपासून वेगळे, साबण लावून कढत पाण्यात धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे.

येथे आजी एकदम म्हणाल्या, "माझा टॉवेल वेगळा, पेला वेगळा. म्हातारपणी आता घरातच विटाळ का?"

बंधू-भगिनींनो, त्यांचा हा प्रश्न आमच्या काळजाला लागला. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी सोसले आहे. म्हणून याचे उत्तर नीट द्यायला हवे. विटाळ माणसाला चिकटवला जात होता, जन्मापासून मरेपर्यंत, आणि त्यात माणसाला दूर ठेवले जात होते. येथे टॉवेल प्रत्येकाचाच वेगळा आहे, धडधाकट बापाचाही. वेगळे ठेवायचे ते विषाणूला, माणसाला नव्हे, आणि तेही मोजक्या दिवसांपुरते. आजाऱ्याजवळ बसायचे, त्याच्या कपाळावर हात ठेवायचा, त्याला पाणी पाजायचे आणि नंतर हात धुवायचे. महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. आजाऱ्याला दूर लोटणे आणि घाण दूर करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ही हे सांगितल्यावर आजींनी स्वतःच आपल्या टॉवेलसाठी निळा दोरा निवडला.

तिसरा बदल संडासाचा. घरात संडास रोज ॲसिडने धुतला जाई आणि शेवटी फिनेल टाकले जाई. भांडे लखलखीत होते. पण कडी, नळाची तोटी, मगाची मूठ आणि दिव्याचे बटण यांना कधी कोणी हात लावला नव्हता, म्हणजे पुसण्यासाठी. हात तर प्रत्येकाचा लागत होता! आजार भांड्यातून उडी मारून येत नाही, तो या चार जागांवरून येतो. शिवाय वासाचे फिनेल या विषाणूला पुरेसे नाही. त्याला क्लोरीन लागते.

बाजारात कपड्यांसाठी मिळणारे साधे पातळ ब्लीच घ्यावे. बाटलीवर 4 ते 5 टक्के असे लिहिलेले असते. एक लिटर पाण्यात त्याचे 25 मिलिलिटर, म्हणजे चहाचे 5 लहान चमचे घालावेत. उलटी किंवा जुलाब सांडले असतील त्या जागेसाठी एक लिटरला 125 मिलिलिटर, म्हणजे सुमारे अर्धा पेला. पाणी रोज ताजे करावे, शिळ्याचा जोर जातो. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढावी, कारण घाणीवर ओतलेले क्लोरीन घाणीतच खर्ची पडते. मग ब्लीचचे पाणी लावून 10 मिनिटे तसेच राहू द्यावे आणि साध्या पाण्याने पुसून घ्यावे. आधी कडी, तोटी, मूठ, मग पाय ठेवायच्या जागा आणि सर्वांत शेवटी भांडे. बटणाला फडके घट्ट पिळून लावावे. हे फडके स्वयंपाकघरात कधीही नेऊ नये. दिवसातून दोनदा आणि घाण झाली की लगेच एवढे करावे.

एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले, तर विषारी वायू निघतो आणि माणूस घुसमटतो. ज्या दिवसांत ब्लीच, त्या दिवसांत ॲसिड नाही. दार-खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

जमिनीवर उलटी झाली की आपण केरसुणीने ओढतो. ते करू नये. त्याने थेंब उडतात आणि केरसुणी घरभर आजार नेते. मुलांना बाजूला करावे, जुने वर्तमानपत्र टाकावे, ते टिपू द्यावे, हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उचलावे, पिशवी बांधून टाकावी. मग साबण, मग ब्लीच. आजूबाजूची दीड-दोन मीटर जागा पुसावी आणि जवळ उघडे ठेवलेले अन्न टाकून द्यावे.

स्वयंपाक वडिलांनी आणि मुलीने हाती घेतला. आईने शेवटचा जुलाब थांबल्यावर पूर्ण दोन दिवस चुलीजवळ जायचे नाही, असे ठरले, आणि मुलालाही तितके दिवस बालवाडीत पाठवायचे नाही. बरे वाटले तरी विषाणू शौचातून दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ जात राहतो, म्हणून हात धुण्याचा आणि वेगळ्या टॉवेलचा नियम पुढेही चालू ठेवला.

त्या घरात वडील आणि मुलगी आजारी पडले नाहीत. हे सगळे आमच्या फडक्यामुळेच झाले, असा दावा आम्ही करणार नाही. काही माणसे त्रास सुरू होण्याआधीच आजार देतात, काहींना तो लागूनही जाणवत नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असताना सगळे रस्ते बंद होत नाहीत. पण मूठ, टॉवेल, माठ आणि कडी हे चार रस्ते आपल्या हातात आहेत.

आजाऱ्याला ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घालून थोडे थोडे पाजत राहावे. शौचात रक्त दिसले, लघवी थांबली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी थांबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एकच काम करा. संडासातून बाहेर येऊन हात कोरडे होईपर्यंत आपला हात कोठे कोठे लागतो, ते क्रमाने वहीत लिहा. आठवीतल्या त्या मुलीने लिहिलेली यादी अकरा जागांची होती, आणि ती आजही त्या घराच्या मोरीवर चिकटवलेली आहे.