सूर्यघड्याळाची काठी तिरपी का?



शाळेच्या अंगणात आपल्या बॅचतर्फे सूर्यघड्याळ बसवायचं ठरलं, तेव्हा ग्रुपवर सूचना आली की वेगळं काही करायलाच नको. झेंड्याचा खांब आहेच, त्याच्याभोवती आकडे रंगवले की झालं. सूचना स्वस्तातली होती आणि तिला बरेच अंगठेही मिळाले. ते का चालणार नाही, हे सांगायला मी उभी आहे. मी दिवसभर कोड लिहिते, पण गेलं वर्षभर रविवारी गच्चीवर प्लायवूड आणि सळई घेऊन याच उद्योगात आहे.

सूर्य डोक्यावरची दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो त्यानंतर बरोबर तीन तासांनी, म्हणजे सूर्याच्या तीन वाजता, उभ्या खांबाची सावली कुठे पडते ते पाहा. नाशिकचा अक्षांश २० अंश धरला, तर २२ डिसेंबरला ती उत्तरेपासून पूर्वेकडे ४७ अंशांवर असते. २१ जूनला त्याच वेळी ती १०३ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्याही पलीकडे दक्षिणेकडे झुकलेली असते. वेळ एकच, पण फरक ५६ अंशांचा. तीनचा आकडा रंगवायचा कुठे? शिवाय २० मेच्या सुमारास भरदुपारी खांबाची सावली नाहीशीच होते, आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते.

दोष खांबाच्या उभेपणात आहे. सूर्य रोज फिरताना दिसतो तो पृथ्वीच्या आसाभोवती, खांबाभोवती नव्हे. तो आस आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून २० अंश वर, जवळजवळ ध्रुवताऱ्याकडे, रोखलेला आहे. म्हणून काठी त्याच दिशेला, जमिनीशी २० अंशांचा कोन करून बसवायची. मग उन्हाळ्यात सूर्य वर सरको की हिवाळ्यात खाली, तो सरकतो काठीच्याच दिशेने. त्यामुळे सावली लांब-आखूड होते, पण तिची रेषा हलत नाही. जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत २७ अंशांची आहे ती याचसाठी, कारण जयपूरचा अक्षांश २७.

आता आकडे. काठीभोवती सूर्य तासाला १५ अंश फिरतो, म्हणून जमिनीवरही दर १५ अंशांवर रेघ मारावी असं वाटतं. तसं नसतं. काठीच्या पायापासून उत्तरेला एक रेघ काढा, ती बाराची. तिच्यावर ३० सेंमीवर खूण करा आणि तिथून पूर्व-पश्चिम आडवी रेघ काढा. काठीला काटकोनात धरलेली पुठ्ठ्याची चकती या आडव्या रेघेला टेकते अशी कल्पना करा. काठी, जमीन आणि चकतीची त्रिज्या यांचा काटकोन त्रिकोण झाला. कर्ण ३० सेंमी, पायाशी कोन २० अंश, म्हणून त्रिज्या ३० गुणिले साइन २०, सुमारे १०.३ सेंमी. चकतीवर तास समान असतात. त्यामुळे आडव्या रेघेवर एकची खूण त्रिज्या गुणिले टॅन १५ वर, म्हणजे २.७ सेंमीवर येते. दोनची टॅन ३० घेऊन ५.९ वर, तीनची १०.३ वर, चारची १७.८ वर आणि पाचची तब्बल ३८.३ सेंमीवर. या खुणा काठीच्या पायाशी जोडल्या की तासांच्या रेषा तयार. सहाची रेषा आडव्या रेघेला समांतर, ती थेट पूर्वेला जाते. सकाळच्या रेषा पश्चिमेकडे, आरशातल्यासारख्या.

म्हणजे आपल्याकडे दुपारच्या रेषा फार दाटीनं येतात. बारा आणि एक यांच्यात जेमतेम सव्वापाच अंश, तर पाच आणि सहा यांच्यात ३८. कोनमापकानं बाराजवळची रेषा एक अंश चुकली, तर घड्याळ सुमारे बारा मिनिटं चुकतं. पाचच्या रेषेला तीच चूक दोन मिनिटांत निभावते. म्हणून कोनमापक नको, पट्टीनं सेंमीच मोजा. सळईही बारीक हवी. जाड असेल तर सावलीची कोणती कड वाचायची यावरून वाद होतील, आणि आपल्या वर्गात ते नक्की होतील!

कुणाच्या घरी लंडनहून आणलेलं पितळी सूर्यघड्याळ असेल, तर त्याची काठी ५१.५ अंशांची असते. ते टाकू नका. त्याची दक्षिणेकडची कड ३१.५ अंश उचला, की काठी २० अंशांवर येते आणि त्याच्या मूळ रेषाही बरोबर ठरतात.

एवढं करूनही ते मनगटावरच्या घड्याळाशी जुळणार नाही, आणि मुलं पहिल्याच दिवशी ‘हे बंद आहे’ म्हणतील. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७३.८ वर. अंशाला चार मिनिटं, म्हणून आपण ३५ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे वर्षभर कमी-जास्त होतं. नाताळात फरक ३५च असतो, फेब्रुवारीच्या मध्याला ४९ आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १९. तेव्हा दर महिन्याला किती मिनिटं मिळवायची याचा तक्ता ओट्यावरच कोरून घेऊ. आधी मात्र एखाद्या निरभ्र दिवशी उत्तर शोधायची आहे. काठी ओळंब्यात उभी रोवून तिच्याभोवती वर्तुळ आखायचं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक त्याला जिथे शिवतं तिथे खुणा करायच्या आणि त्यांच्यामधला कोन दुभागायचा. त्यासाठी सकाळी नऊ ते दुपारी चार थांबणारे दोघेजण हवेत. नावं माझ्याकडे द्या.