कागदावर चारच मुद्दे

सोयाबीनच्या उगवण चाचणीचा व्हिडिओ करताय? सगळा मजकूर लिहून वाचलात, तर डोळे ओळीवरून सरकताना दिसतात, आवाज सपाट होतो. त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक लिहा: १०० दाणे, ओलं गोणपाट, मोजणी, ७० टक्के. कागद लेन्सच्या अगदी खाली चिकटवा. मुद्दा पाहा, नजर लेन्सवर आणा, मगच बोला. पहिलं वाक्य मात्र पाठ हवं. जीभ तिथेच अडखळते.

‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ हे पुढचं आठवताना तोंडातून निसटतं. तेव्हा ओठ मिटून थांबा. ती शांतता संकलनात सहज कापता येते. शब्दाला चिकटलेला ‘अं’ कापताना शब्दच तुटतो. ‘७० टक्के, म्हणजे शंभरातले सत्तर दाणे उगवले’, यातला ‘म्हणजे’ तेवढा राहू द्या.