भाववाढ की वजनघट?



शेव, बिस्किटे, वेफर्स यांची पाकिटे आज घराघरांत येतात. आपल्यापैकी काही कुटुंबे ती विकतात आणि उरलेली सर्व विकत घेतात. माल महाग झाला की उत्पादकापुढे दोन वाटा उरतात: किंमत वाढवावी, किंवा किंमत तीच ठेवून वजन घटवावे. गिऱ्हाईक या दोहोंकडे अगदी निरनिराळ्या दृष्टीने पाहते, आणि त्याचे कारण आम्ही आज हिशेबाच्या आधारे मांडणार आहोत.

पाच रुपयांचे शेवेचे पाकीट घेऊ. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आत ३० ग्रॅम शेव आहे. बेसन, तेल व मसाला मिळून ग्रॅमला १० पैसे, म्हणजे ३ रुपये खर्च येतो. उरलेल्या २ रुपयांत वेष्टन, वाहतूक, कर, दुकानदाराचे कमिशन आणि उत्पादकाचा नफा भागतो. आता बेसन-तेल वीस टक्क्यांनी महागले. शेवेचा खर्च ३ रुपये ६० पैसे झाला, आणि हे ६० पैसे कोठून तरी भरून काढणे भाग पडले.

किंमत ५ रुपये ६० पैसे करता येत नाही, कारण सुटे पैसे आता कोणापाशी नसतात. ती सहा रुपयेच करावी लागते. दुसरी वाट वजनाची. ग्रॅमला १२ पैसे खर्च धरला तर ३ रुपयांत २५ ग्रॅम शेव बसते. आता गंमत पाहा. सहा रुपयांत ३० ग्रॅम किंवा पाच रुपयांत २५ ग्रॅम, दोन्हीकडे गिऱ्हाइकास दर ग्रॅमला २० पैसेच पडतात. पूर्वी पावणेसतरा पैशांच्या आत पडत असत. वाढ दोहोंत सारखीच, वीस टक्के.

तरीही गिऱ्हाईक सारखे वागत नाही. हाती पाचाचे नाणे घेऊन आलेल्या मुलास सहावा रुपया मागितला की ते दुसऱ्या पाकिटाकडे वळते. पाच ग्रॅम कमी झाले हे मात्र त्यास जाणवतही नाही, कारण किंमत मोजून द्यावी लागते आणि वजन कोणी मोजून घेत नाही. अमेरिकेतील शिकागो शहराच्या आइस्क्रीम-विक्रीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, डबा लहान करण्याचा विक्रीवर होणारा परिणाम किंमत वाढविण्याच्या परिणामाच्या सुमारे एकचतुर्थांशच असतो. विलेपार्ल्यातून देशभर गेलेल्या पार्ले कंपनीनेही २०२१ साली महागाईच्या वेळी मोठ्या पुड्यांची किंमत वाढविली, आणि लहान पुड्यांची किंमत राखून त्यांचे वजन कमी केले. मोठा पुडा घेणारा रुपया-दोन रुपये अधिक देऊ शकतो. लहान पुडा घेणाऱ्याची रक्कम ठरलेली असते.

परंतु ही वाट अंतापर्यंत जात नाही. वजन घटले तरी वेष्टन, वाहतूक व कमिशन यांचे ते २ रुपये घटत नाहीत. पूर्वी ते ३० ग्रॅमवर विभागले जात, आता २५ ग्रॅमवर. प्रत्येक घटीबरोबर गिऱ्हाइकाच्या पैशांतील खाद्याचा वाटा कमी होतो. शिवाय एक क्षण असा येतो की पाकीट हातात हलके लागते. तेव्हा गिऱ्हाईक भाव वाढला असे म्हणत नाही. आपणांस फसविले असे म्हणते. भाववाढीचा राग काही दिवसांत ओसरतो, कारण ती उघड असते. लपविलेली घट उमगली म्हणजे मागील सर्व खरेदीविषयी संशय उत्पन्न होतो, आणि तो पुसणे कठीण जाते.

२०१६ साली ब्रिटनमध्ये टोबलरोन या चॉकलेटचे असेच झाले. ४०० ग्रॅमची वडी ३६० ग्रॅमची आणि १७० ग्रॅमची १५० ग्रॅमची झाली. परंतु त्यासाठी वडीवरील त्रिकोणी शिखरांमधील अंतर वाढविले होते. ती रिकामी जागा प्रत्येकाच्या डोळ्यांत भरली व मोठा गवगवा झाला. २०१८ साली कंपनीने लहान वडीचा जुना आकार पुन्हा आणला, तोही २०० ग्रॅमच्या अधिक किमतीच्या वडीत.

गृहिणींनी यातून काय घ्यावे? पाकिटाच्या फुगीरपणावर जाऊ नये. आतील हवा शेव-वेफर्स चुरडू नयेत व खवट होऊ नयेत म्हणून भरलेली असते. तिच्यावरून वजन कळत नाही. निव्वळ वजन छापणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२१ साली दुरुस्त झालेल्या नियमांनुसार एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमचा भावही छापावयाचा असतो. तोच बारीक अक्षरांतील आकडा मागील खेपेच्या पाकिटाशी ताडून पाहावा.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, पाचाच्या पाकिटात वजन घटविणे हा गरजेचा मार्ग असू शकतो, परंतु नवे वजन ठळक अक्षरांत छापावे. कच्चा माल स्वस्त झाला की घटविलेले ग्रॅम परतही करावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण व बिस्किटांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला, तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने पुढे आला. लहान पाकिटाच्या किमतीत काही पैसे कमी केले तर सुट्या पैशांची तीच अडचण. ग्रॅम वाढवून दिले तर मात्र सवलत गिऱ्हाइकाच्या हाती खरोखर पडते. वजन कमी करताना गुपचूप आणि वाढविताना डंका, असा व्यवहार गिऱ्हाईक फार दिवस चालू देत नाही.