दिवाळ्यापासूनचे अंतर



मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स या गृहकर्जे देणाऱ्या कंपनीचा शेअर 21 सप्टेंबर 2018 रोजी एकाच दिवसात 40 टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा तिच्या रोख्यांचे सर्वोच्च पतमानांकन अबाधित होते. आणि पुढल्या जून महिन्यात मात्र त्याच रोख्यांवरचे व्याज तिने थकवले. मानांकनाने जे उशिरा सांगितले, ते बाजारभावातून आधी वाचता येते काय, या प्रश्नाचे गणित रॉबर्ट मर्टन यांनी 1974 साली मांडले.

त्यांचा विचार असा की, कर्जाची मुदत भरेल त्या दिवशी मालमत्तेची किंमत देण्याहून अधिक असली तर भागधारक देणे चुकते करून बाकीचे धन राखतील, आणि कमी असली तर कारखाना सावकारांच्या हवाली करून मोकळे होतील. म्हणून शेअर म्हणजे कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्कच होय.

आपल्या जबलपूरच्या एखाद्या कारखान्याची मालमत्ता 100 कोटींची, वर्षाअखेर फेडावयाचे कर्ज 70 कोटींचे, आणि मालमत्तेच्या किमतीचा वार्षिक चढउतार 15 टक्के आहे असे कल्पू. मधली 30 कोटींची गादी 15 कोटींच्या चढउताराने भागली की स्थूलमानाने 2 हे उत्तर येते, आणि यालाच दिवाळ्यापासूनचे अंतर म्हणतात. कर्ज तेच राहून चढउतार दुप्पट झाला तर हे अंतर 1 वर येते. एका रुपयाचेही नवे कर्ज न काढता कारखाना संकटाच्या निम्म्या अंतरावर येऊन ठेपतो, हे ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

अडचण ही की मालमत्तेचा भाव बाजारात रोज पुकारला जात नाही. शेअरचा मात्र पुकारला जातो. शेअरचे एकूण मोल 30 कोटी आणि त्याचा चढउतार 50 टक्के असेल, तर 15 कोटींची हालचाल 100 कोटींवर पसरून तेच 15 टक्के हाती येतात. ही सोपी रीत कर्जाचा बोजा स्थिर असेपर्यंतच विश्वासार्ह आहे. भाव घसरू लागला की गादी पातळ होऊन शेअरचा चढउतार आपोआप वाढतो, म्हणून जाणकार एका दिवसाच्या आकड्यावर न विसंबता मागील वर्षभराच्या दैनिक भावांवरून मालमत्तेची किंमत पुनःपुन्हा काढून, उत्तर स्थिरावेपर्यंत गणित फिरवतात.

अंतर 2 असता दिवाळ्याची शक्यता सामान्य वितरणाच्या कोष्टकाप्रमाणे 2 टक्क्यांच्या किंचित वर येते; परंतु मोठ्या आपत्ती त्या कोष्टकाहून अधिक वेळा कोसळतात, यास्तव के.एम.व्ही. या अमेरिकन पेढीने प्रत्यक्ष बुडालेल्या कंपन्यांच्या दप्तरावरून अंतर आणि शक्यता यांची सांगड घातली, आणि देण्याची मर्यादा ठरवताना अल्पमुदतीचे सर्व कर्ज व दीर्घमुदतीचे निम्मे धरले. वित्तकंपनीच्या बाबतीत हीच मर्यादा डळमळते, असे माझे मत आहे. वीस-वीस वर्षांची गृहकर्जे अल्पमुदतीच्या उसनवारीवर पोसली जातात. ती उसनवारी नव्याने मिळेनाशी झाली, तर मालमत्ता देण्याहून अधिक असतानाही हप्त्याच्या दिवशी तिजोरीत रोकड नसते, आणि मर्टन यांच्या समीकरणात रोकडीला स्वतंत्र स्थान नाही.