श्रोत्याचे तीन प्रश्न
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



वर्गात एखाद्या मुलाचे भाषण संपले, की इतरांना “कसे झाले?” असे विचारण्याची पद्धत आहे. उत्तरे बहुधा दोनच प्रकारची येतात. मित्र “छान झाले” म्हणतात आणि बाकीचे “फार घाई केलीस” म्हणून मोकळे होतात. पहिल्या उत्तराने बोलणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. दुसऱ्याने तो खट्टू होतो, परंतु कोठे सुधारावे हे त्याला उमगत नाही. दोन्ही उत्तरे म्हणजे निवाडे आहेत. मुलाला निवाडा देता येईलच असे नाही. श्रोता मात्र तो असतोच. म्हणून त्याला मत न विचारता, ऐकताना खरोखर पडलेला प्रश्न विचारावयास शिकवावे.

एक उदाहरण घेऊ. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीसाठी सातवीतील एका मुलीने तीन मिनिटांचे भाषण तयार केले आहे. सरावाच्या वेळी तीन श्रोते नेमावेत. पहिल्याने दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसावे व केवळ उच्चार आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्याने मुद्द्यांचा क्रम पाहावा. तिसऱ्याने, समारंभात पहिलीची मुले जेथे बसतात तेथे बसून, त्यांच्या कानांनी ऐकावे. भाषणानंतर प्रत्येकाने आधी लक्षात राहिलेली एक गोष्ट सांगावी आणि मग एकच प्रश्न विचारावा.

पहिला श्रोता विचारतो, “अंगावर शेण पडल्यावर सावित्रीबाईंनी शाळा सोडली का?” मुलगी चकित होते; कारण तिने “शाळा सोडली नाही” असेच म्हटले होते. मराठीत क्रियापद व नकार वाक्याच्या शेवटी येतात. श्वास संपत आला, की आवाज तेथेच खाली जातो. “नाही” हा शब्द दारापर्यंत पोचला नाही आणि अर्थ उलटा झाला. “तू हळू बोलतेस” असे म्हटले असते, तर ती सगळे भाषण ओरडून बोलली असती. या प्रश्नाने तिला नेमकी जागा दाखविली: वाक्यापूर्वी श्वास घ्यावा आणि शेवटचा शब्द सोडू नये.

दुसरा विचारतो, “शेणाचा प्रसंग पुण्यातील शाळेच्या वेळचा, की प्लेगच्या वेळचा?” मुलीने १८४८ मधील शाळेनंतर लगेच १८९७ मधील प्लेगची साथ व सावित्रीबाईंचा मृत्यू सांगितला होता आणि विसरलेला प्रसंग त्यानंतर जोडला होता. मुद्दे सर्व होते. क्रम चुकला होता. शाळा, लोकांचा विरोध, मग प्लेगमधील सेवा, असा क्रम तिला प्रश्नातूनच सापडतो.

तिसरा विचारतो, “‘सनातनी’ म्हणजे कोण, हे पहिलीच्या मुलांना तू कसे सांगशील?” मुलगी क्षणभर थांबून म्हणते, “मुलींनी शिकू नये असे म्हणणारी माणसे.” तोच वाक्यांश भाषणात घालावा.

प्रश्नाचे रूप असलेला प्रत्येक उद्गार मात्र प्रश्न नसतो. “तुला पाठ करता येत नाही का?” हा टोमणा आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: विचारणाऱ्याला उत्तर ऐकावयाचे आहे काय? खऱ्या प्रश्नात श्रोता आपल्याला काय कळले नाही ते सांगतो. टोमण्यात तो बोलणाऱ्याचा स्वभाव ठरवितो. याच्या उलट, भिडस्त मूल “मला सगळे कळले” असे सांगून सुटका करून घेते. अशा वेळी शिक्षकाने “ती कोणत्या गोष्टीने थांबली नाही, ते तुझ्या शब्दांत सांग” असे म्हणावे. सांगता आले नाही, तर त्यातूनच प्रामाणिक प्रश्न निघतो.

काही प्रश्न मुळीच विचारू देऊ नयेत. घरच्या बोलीतील उच्चार, तोतरेपणा, कपडे किंवा थरथरणारे हात यांविषयी विचारले, तर मूल पुन्हा उभे राहावयास धजणार नाही. फार भित्र्या मुलाचा सराव या तीन श्रोत्यांपुरताच ठेवावा, वर्गासमोर नव्हे.

प्रश्नांना मुलीने खुलासे देत बसू नये. “मी म्हटले होते” असे सांगितल्याने दाराजवळच्या श्रोत्याला ऐकू येत नाही. तिने तेवढाच भाग पुन्हा बोलून दाखवावा आणि विचारणाऱ्याने आता काय ऐकू आले ते सांगावे. शेवटच्या रांगेतून “शाळा सोडली नाही” असे उत्तर आले, की त्या दिवसाचे काम झाले.