पगार दुप्पट, शिल्लक किती?

दुबईची ऑफर आली की घरात पहिला गुणाकार होतो तो दिरहमचा. महिना १८,००० दिरहम. हिशेबापुरता २३ रुपयांचा भाव धरू. झाले ४ लाख १४ हजार, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. पुण्यातली ऑफर वर्षाला २४ लाखांची, म्हणजे महिन्याला २ लाख. निकाल लागल्यासारखा वाटतो. पण नवरा, बायको आणि शाळकरी मूल असं कुटुंब धरून हिशेब शेवटपर्यंत नेऊ या.

आधी पुणे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार कर महिन्याला साधारण २४,४००. मूळ पगार १ लाख धरला तर पीएफ १२,०००. हातात १ लाख ६३ हजार येतात. घरभाडं ३०,०००, घरखर्च आणि शाळा ५५,०००, गावी आईवडिलांना २०,०००. उरतात ५८,०००. पण पीएफ हा खर्च नव्हे. आपला आणि कंपनीचा मिळून २४,००० दरमहा साठतो. खरी शिल्लक ८२,०००.

आता दुबई. एका बेडरूमच्या घराचं भाडं वर्षाला ७८,००० दिरहम, म्हणजे महिना ६,५००. भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलात लागून येतं. ते, वीज, पाणी, एसी आणि इंटरनेट मिळून १,४००. वाणसामान आणि किरकोळ खर्च २,२००, शाळा आणि बस १,८००, प्रवास ९००, आणि वर्षातून एकदा तिघांनी गावी यायचं, त्यासाठी महिना ७०० बाजूला. उरले ४,५०० दिरहम, म्हणजे १ लाख ३ हजार रुपये. आईवडिलांना आता २५,००० लागतील, कारण त्यांना दवाखान्यात नेणारं माणूसही पैसे देऊनच ठेवावं लागतं. राहिले ७८,०००.

पीएफ तिथे नाही. सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पण तोही फक्त मूळ पगारावर. म्हणून ऑफर लेटरमधला ‘बेसिक’चा आकडा नीट पाहा. तो ९,००० असेल, तर महिन्याला जेमतेम १२,००० रुपयांची भर पडते. एकूण शिल्लक ९०,०००.

पगारात दुपटीहून जास्त फरक, शिल्लकीत आठ हजारांचा! वर्षाचे होतात ९६,०००. घर घेताना एजंटला वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के द्यावे लागले, तर ते ३,९०० दिरहम, जवळजवळ ९०,००० रुपये. पहिल्या वर्षाचा फायदा बहुतेक तिथेच संपला. शिवाय तितकीच अनामत आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक. बायकोची पुण्यातली नोकरी सुटणार असेल, तर हिशेब उलटाच होतो.

हेच गणित एकट्याने जाऊन, खोली वाटून घेऊन मांडा. भाडं अडीच हजारांवर येतं, शाळा वजा होते आणि दुबई सरळ जिंकते; पुण्यात घर मागे राहतं, त्याचा खर्च तेवढा वजा करा. कंपनी घर देत असेल तरीही दुबईच पुढे.

पैसे पाठवतानाही शुल्क शून्य आहे यावर जाऊ नका. खात्यात जमा झालेल्या रुपयांना तुमच्याकडून गेलेल्या एकूण दिरहमनी भागा. तोच खरा भाव. ४,५०० दिरहमवर वीस पैशांचा फरक म्हणजे ९०० रुपये.

तेव्हा ऑफर हातात आली की कर किती वाचतो, हे विचारण्याआधी घरभाडं कोण भरणार आणि बरोबर कोण येणार, हे विचारा. उत्तर त्या दोन प्रश्नांत आहे.