दहाव्या चुकीनंतर



माझ्या मावसबहिणीच्या कपाटात तिचा जुना फोन पडून होता. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या सात वर्षांच्या नातवाला तो सापडला. पासकोड सहा आकडी. पोरगं हुशार, त्यानं घरातल्या एकेकाचे वाढदिवस घालून पाहायला सुरुवात केली. आजोबांचा झाला, आईचा झाला, मोती कुत्र्याला घरी आणलं ती तारीखसुद्धा झाली. फोन मध्येच ‘थोड्या वेळानं बघ’ म्हणायचा, की हा आंबा खायला जायचा आणि परत यायचा. संध्याकाळी पडद्यावर नव्या फोनसारखं स्वागत उमटलं.

चुकीचे पासकोड फार झाले की सगळं पुसून टाकायची ही सोय आयफोनमध्ये Settings मधल्या Face ID & Passcode या पानाच्या तळाशी Erase Data नावानं असते. ती चालू असेल तर दहाव्या चुकीला फोन आतल्या मजकुराची किल्लीच नष्ट करतो. मजकूर कुलूपबंद अवस्थेतच साठवलेला असतो. किल्ली गेली, की तो कुणालाच वाचता येत नाही, दुरुस्तीवाल्यालाही नाही.

आता दोन वर्षांचं मूल फोनवर बोटं आपटतं, त्याची मला फारशी भीती वाटत नाही. तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा घातला तर ती एकच चूक धरली जाते. शिवाय पहिल्या काही चुकांनंतर फोन एक मिनिट थांबवतो, मग पाच, मग पंधरा, पुढे तासाच्या घरात. रोजच्या वापरातल्या फोनवर तेवढ्यात मालक येऊन बरोबर पासकोड घालतो आणि चुकांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. कपाटातल्या फोनला मात्र ती शून्यावर आणणारं कुणी नसतं. सकाळच्या तीन चुका दुपारच्या चारांत मिळतात.

मग ही सोय चालू कुणी करावी? ज्यांच्या फोनात दुसऱ्यांची गुपितं आहेत त्यांनी. अशिलांची कागदपत्रं बाळगणारे वकील, रुग्णांचे अहवाल ठेवणारे डॉक्टर, खबर देणाऱ्याचं नाव जपणारे पत्रकार. बाकीच्यांना तिचा फायदा थोडाच. ती बंद असली तरी फार चुकांनंतर फोन अडूनच बसतो आणि पुन्हा वापरायचा तर पुसावाच लागतो. म्हणजे नातवापासून फोटो वाचवायला ही सोय बंद ठेवणं पुरत नाही, बॅकअपच लागतो. आयक्लाउडवर फुकट जागा मिळते ती 5 जीबी, आणि ती भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती आपण बोटानं बाजूला सारतो. Settings मध्ये आपल्या नावावर, मग iCloud वर बोट ठेवा. तिथं iCloud Backup उघडलं की शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते.

मावसबहिणीची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. नातवाला विचारलं, तर तो म्हणाला, “तुझा वाढदिवस तेवढा राहिला होता, आजी.”